बेकरीसाठी रोटरी ओव्हन: बँकेच्या मॅनेजरसाहेबांना द्यायच्या पत्रात डीसीएफ, म्हणजे पुढच्या रोखीचा आजच्या किमतीतला हिशेब, कसा मांडू?

भट्टीवाला_कराड:
दोन डेकचा ओव्हन अपुरा पडतोय. सकाळची पावाची ऑर्डर परत पाठवावी लागते. डिझेलवरचा रोटरी घ्यायचा आहे. ओव्हन 8 लाख, बसवणं आणि चिमणी 1 लाख, खेळतं भांडवल 1 लाख. बजेट 10 लाखांच्या वर नाही. कर्ज साडेसात लाख, 11 टक्के, 5 वर्षं.

पत्राचा मसुदा असा: "महोदय, वाढीव विक्रीतून मैदा, डिझेल, मजुरी वजा जाता पहिल्या वर्षी 2 लाख, दुसऱ्या वर्षी 3 लाख आणि पुढे दरवर्षी 3.2 लाख हाती राहतील. पाचव्या वर्षाअखेर ओव्हन दीड लाखाला विकला जाईल आणि खेळतं भांडवल मोकळं होईल." यातून दरवर्षीचे हप्ते (1.96 लाख) वजा केले आणि 14 टक्क्यांनी डिस्काउंट केलं, तर एनपीव्ही, म्हणजे आजच्या किमतीतली निव्वळ शिल्लक, उणे 5.65 लाख येते. असं पत्र कसं द्यायचं? सल्ला द्या.

रोटी_कपडा_ओव्हन:
10 लाखांत कशाला अडकता? 15 लाखांचा दोन ट्रॉलीवाला घ्या. आमचा मस्त चाललाय, नंतर पस्तावायला नको.

हिशेबी:
आकडे बरोबर आहेत, मांडणी चुकली. एकीकडे 10 लाख पूर्ण खर्च धरलात आणि दुसरीकडे त्याच पैशाचे हप्तेही वजा केलेत. कर्ज दोनदा मोजलं गेलं. कर्जाचा खर्च 14 टक्क्यांच्या दरात आलेलाच आहे. हप्ते काढून टाका. आजच्या किमतीत वर्षवार 1.75, 2.31, 2.16, 1.89 आणि पाचव्या वर्षी विक्री-भांडवल धरून 2.96 येतात. बेरीज 11.07, त्यातून 10 वजा. एनपीव्ही अधिक 1.07 लाख.
हप्ते ठेवायचेच असतील तर सुरुवातीचा खर्च फक्त तुमचे अडीच लाख धरा. पण मग दर 14 चालणार नाही, जास्त लागेल.

सीए_नाही_पण:
घसारा विसरलात! 8 लाखांवर 15 टक्के घसारा पहिल्याच वर्षी 1 लाख 20 हजार. तोही वजा करा.

हिशेबी:
घसाऱ्याने खिशातून पैसा जात नाही. त्याने फक्त आयकर कमी होतो, तेवढाच फायदा रोखीत दाखवायचा.

मैदा_माफिया:
आधी बघा, ओव्हनच अडतोय का? मिक्सर 25 किलोचा आणि प्रूफिंगची पेटी एका ट्रॉलीची असेल, तर रोटरी रिकामा तापत राहील आणि डिझेल जाळेल. पहिली ट्रॉली भाजून निघते तेव्हा दुसरी फुगून तयार हवी. म्हणजे किमान दोन ट्रॉल्या आणि मोठी पेटी. ते तुमच्या 10 लाखांत दिसत नाही. आणि परत पाठवलेल्या ऑर्डरींची वही ठेवली असेल तर तिच्या झेरॉक्स पत्राला जोडा. विक्री वाढेल याचा तोच पुरावा.

खारीप्रेमी:
लाकडी भट्टीच्या पावाची चव रोटरीला नाही हो.

रोटी_कपडा_ओव्हन:
मुंबईत जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सांगितलं. चव घेऊन बसा.

खारीप्रेमी:
कराड मुंबईत कधीपासून आलं?

बँकेतला_माणूस:
मॅनेजर एनपीव्ही बघून मान डोलावतील, पण फाइल पुढे जाईल ती डीएससीआरवर, म्हणजे हाती येणारी रोख हप्त्याच्या किती पट आहे त्यावर. पहिल्या वर्षी 2 लाख आवक, 1.96 हप्ता, म्हणजे जेमतेम 1.02. आम्हाला 1.5 च्या आसपास आवडतं. मात्र डीसीएफमध्ये फक्त ओव्हनमुळे वाढणारा पैसा आणि डीएससीआरमध्ये सगळ्या दुकानाचा, घरखर्च वजा करून. हे दोन तक्ते वेगळे ठेवा. आणि मंजुरीआधी ओव्हनला आगाऊ रक्कम देऊ नका. कोटेशन जोडा, पैसे थेट विक्रेत्याला जातात. सहा महिने मोरेटोरियम मागा.

सीए_नाही_पण:
केंद्राच्या पीएमएफएमई या छोट्या खाद्य उद्योगांच्या योजनेत 35 टक्के अनुदान मिळतं. एनपीव्हीत पहिल्याच दिवशी धरा.

बँकेतला_माणूस:
धरू नका. अनुदानाची रक्कम वेगळ्या खात्यात अडकून राहते, तीन वर्षं कर्ज नीट चालल्यावर वळती होते. धरायची तर तिसऱ्या वर्षाअखेर, तीही मंजूर झाली तर.

हिशेबी:
एक ओळ अजून घाला: वार्षिक रोख 11 टक्के घटली की 1.07 लाखांची शिल्लक संपते. वाढीव विक्री 16 लाख असेल, तर 3.2 लाखांतले 11 टक्के म्हणजे 35 हजार, विक्रीच्या 2 टक्क्यांच्या थोडं वर. मैदा महागला आणि पावाचा भाव वाढवता आला नाही तर एवढं सहज जातं. साहेब विचारण्याआधी तुम्हीच लिहा.

मैदा_माफिया:
आणि ओव्हनवर भरलेला जीएसटी? साध्या पावावर जीएसटी नाही, त्यामुळे पावाच्या वाट्याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. 8 लाख जीएसटीसह आहेत ना?

भट्टीवाला_कराड:
जीएसटीसह आहेत. हप्ते काढले, 11 टक्क्यांची ओळ घातली. दुसरी ट्रॉली खेळत्या भांडवलातून घेतो, पेटी आहे तीच राहील. मोरेटोरियम नको, 7 वर्षांची मुदत मागतोय. हप्ता वर्षाला 1.54 लाख, पहिल्या वर्षी 1.30 येतं. अनुदानाच्या भानगडीत पडत नाही.

बँकेतला_माणूस:
सात वर्षांत व्याज किती जाईल ते पाहिलंत का? आणि तक्ता पाचच वर्षांचा आहे, तोही सातचा करा. पाचव्या वर्षी ओव्हन विकून टाकलात तर पुढचे हप्ते कशाच्या जोरावर?

मैदा_माफिया:
पेटी मोठी करा हो. परत सांगतो.