रो हाउस ग्रुप : डबा डोळ्यासमोर, तरी कॉल कटते

मोहोड काकू (7): बोरकर साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही ते तीन डब्यांचं मेश वायफाय घेतलं. हॉलमधून बोलत बोलत जिना चढली की पोरीचा व्हिडिओ कॉल अडकतेच. वरच्या लॉबीत डबा डोळ्यासमोर आहे. मग काहून?

बोरकर, सेक्रेटरी (1): वहिनी, माझ्याकडे चांगलं चालते एवढंच बोललो होतो. सोसायटीचा यात संबंध नाही.

ठाकरे काका (4): राउटर बंद करून चालू करा.

गजभिये (11): जिन्यात चौथा डबा लावा.

पंकज (9): भाऊ, चौथा नको. काकू, वर कॉल अडकला की फोनचं वायफाय बंद करून लगेच चालू करा. काय होते ते सांगा.

मोहोड काकू (7): केलं. एकदम साफ चालून राहिलं!

ठाकरे काका (4): मी तेच म्हटलं. बंद करून चालू करा.

पंकज (9): काका, तुम्ही राउटर म्हणत होते 🙏 काकू, म्हणजे वरचा डबा ठीक आहे. फोन वर आला तरी हॉलच्याच डब्याला चिकटून होता. वायफाय चालू-बंद केल्यावरही अडकलं असतं, तर डब्याडब्यांमधली जोडणी पाहावी लागली असती.

सौ. राऊत (8): वायफायचं झालं असेल तर 7 नंबरच्या कूलरच्या पाण्याचंही बोलू. आमची गाडी रोज ओली.

मोहोड काकू (7): कूलर मे महिन्यात नाही लावायचा तर काय दिवाळीत लावायचा?

बोरकर, सेक्रेटरी (1): कृपया एक विषय.

गजभिये (11): पण एवढे पैसे घेतात तर डब्यानंच फोनला वर ढकलायला पाहिजे न.

पंकज (9): कोणत्या डब्यावर राहायचं ते फोन ठरवते. डबा फार तर सुचवू शकते. सेटिंगमध्ये 802.11k आणि 802.11v असेल तर चालू ठेवा. पहिल्यानं शेजारच्या डब्यांची यादी फोनला मिळते, दुसऱ्यानं "तिकडे जा" अशी विनंती जाते. फोन ती विनंती नाकारू शकते.

मोहोड काकू (7): माझा आयफोन आहे. इतका महागाचा, त्याला समोरचा डबा दिसत नाही?

पंकज (9): तो पाहतच नाही, काकू. सिग्नल उणे आकड्यात मोजतात, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ॲपलनं लिहिलंय की आयफोन -70 च्या खाली गेल्यावरच दुसरा डबा शोधते. काल तुमच्याकडे माझ्या अँड्रॉइडवरच्या ॲपमध्ये पाहिलं, वरच्या बेडरूममध्ये हॉलचा डबा -68 आणि लॉबीतला -48. तुमच्या फोनलाही साधारण तेवढंच येत असेल, तर -68 त्याला पुरेसं वाटते, तो शोध घेतच नाही.

गजभिये (11): -68 पुरेसं आहे तर मग कॉल काहून अडकते?

पंकज (9): डब्याचा आवाज मोठा, फोनचा लहान. उघड्या जिन्यातून हॉलचा डबा वर ऐकू येते, पण फोनचं बोलणं खाली नीट पोचत नाही. काकूंचाच चेहरा पोरीला तुटक दिसते न? शिवाय असा लांबचा फोन हळू बोलते, तेवढा वेळ हवा अडते अन घरातले बाकीचेही थांबतात.

ठाकरे काका (4): राउटर बंद करून चालू करा. आमच्याकडे त्यानंच झालं.

सौ. राऊत (8): काका, आमच्या गाडीलाही बंद करून चालू करू का 😄

पंकज (9): काकू, हॉलच्या डब्याची ट्रान्समिट पॉवर "हाय"वरून "लो" करा. वर त्याचा आकडा -75 च्या आसपास आला की फोन शोधायला लागेल. कॉल चालू असताना नवा डबा किमान 8 नं सरस लागतो, फोन नुसता पडून असेल तर 12 नं. लॉबीतला त्याहून कितीतरी सरस आहे.

बोरकर, सेक्रेटरी (1): माझ्या ॲपमध्ये पॉवर दिसत नाही.

पंकज (9): घरगुती मेशमध्ये पुष्कळदा देत नाहीत, काका. मग डबा जिन्याच्या तोंडापासून हलवून मधे भिंत येईल असा ठेवा. काही डब्यांत कमजोर फोनला हाकलायची सोय राहते, पण कॉल तुटते अन फोन परत त्याच डब्यावर येऊ शकते.

मोहोड काकू (7): ह्यांनी लो केलं. जिना चढताना कॉल क्षणभर थांबला अन चालू झाला. पण आता पोर्चमधला कॅमेरा बंद!

सौ. राऊत (8): वा, म्हणजे पाणी कोणाचं ते रेकॉर्डही होणार नाही.

पंकज (9): तो कॅमेरा 2.4 गिगाहर्ट्झवर असेल. फक्त 2.4 ची पॉवर "मीडियम" करा, 5 ची "लो"च राहू द्या. मग वर जाऊन पुन्हा पाहा, कारण 2.4 भिंतीतून लांब जाते अन फोन त्यालाच धरून बसू शकते. तसं झालं तर कॅमेऱ्याला मागचा तिसरा डबा जवळ आणून द्या.

मोहोड काकू (7): तिसरा डबा कूलरच्या मागं आहे. उद्या हे काढतील.

सौ. राऊत (8): काढतातच आहेत तर कूलरचा पाइपही पाहून घ्या म्हणा.