मदत हवी आहे: यंत्रशाळेसाठी ईआरपी मुक्त स्रोताची घ्यावी की परवान्याची?

शिरोलीचा_लेथवाला

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची भागीदारीतील यंत्रशाळा आहे. अडतीस कामगार आहेत आणि वार्षिक उलाढाल साधारण नऊ कोटींची आहे. ग्राहक स्वतःची कास्टिंग पाठवतात, आम्ही टर्निंग, बोरिंग व ड्रिलिंग करून माल परत देतो आणि मजुरीचे बिल करतो. काही नग मधल्या टप्प्यावर हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर जातात. हिशेब टॅलीत आहे, बाकी सर्व एक्सेलमध्ये.

अडचण एका उदाहरणाने सांगतो. गेल्या महिन्यात एका चलनावर ५०० कास्टिंग आली. त्यांतील ४८८ नग चांगले गेले, ९ नगांत मशिनिंग करताना फाउंड्रीची पोकळी निघाली आणि ३ आमच्या हातून बिघडले. पहिल्या नऊंची मजुरी आम्हाला मिळायला हवी, शेवटच्या तिनांची किंमत आमच्या बिलातून कापली जाते. हा माल तीन खेपांत परत गेला आणि शेवटी मूळ चलनाशी मेळ घालायला आमच्या माणसाला दोन दिवस लागले. अशी चाळीसेक चलने एका वेळी उघडी असतात.

दोन प्रस्ताव आले आहेत. पहिला परवान्याच्या प्रणालीचा: आठ वापरकर्त्यांचे कायमचे परवाने ६.४० लाख, उभारणी ४ लाख आणि दुसऱ्या वर्षापासून परवान्याच्या १८ टक्के एएमसी. दुसरा मुक्त स्रोताच्या ईआरपीनेक्स्टचा, कोल्हापुरातीलच दोघा तरुणांच्या संस्थेकडून: उभारणी ५.५० लाख, सर्व्हर महिना २,५०० आणि देखभाल महिना १२,०००. पाच वर्षांची बेरीज केली, तर पहिला सुमारे १५ लाखांवर आणि दुसरा १४.२० लाखांवर जातो, म्हणजे पैशावरून निर्णय होत नाही. आमच्या चलनाच्या पद्धतीप्रमाणे प्रणाली बदलून घ्यावीच लागेल. तो बदल पाच वर्षांनी कोण सांभाळणार आणि त्याची खरी किंमत कोणत्या पर्यायात किती, हे मला समजून घ्यायचे आहे.

दादर_वस्त्र

आमच्या कापडाच्या दुकानात बारकोडसह बिलिंगचे सॉफ्टवेअर वर्षाला बारा हजारांत मिळाले आणि चार वर्षांत एकदाही तक्रार नाही. एवढे पैसे घालण्याआधी ते पाहावे असे सुचवतो.

शिरोलीचा_लेथवाला

आभारी आहे. आमच्याकडे बिल करणे सोपेच आहे. ग्राहकाच्या मालकीचा माल आमच्या आवारात असताना त्याचा नगानुसार मागोवा ठेवणे हे अवघड आहे.

सीए_मिरज

मी मुक्त स्रोताच्या विरोधात सल्ला देईन. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. ज्या प्रणालीचा कोड आणि डेटाबेस दोन्ही तुमच्या हाती आहेत, तिच्यात कोणीही मागच्या दाराने आकडा बदलू शकतो. शिवाय तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर असल्याने ई-इनव्हॉइस लागू आहे. नियम बदलले की परवान्याची प्रणाली विकणाऱ्याला सुधारणा द्यावीच लागते. मुक्त स्रोतात ती कोण देणार?

मेघना_चाकण

मी दहा वर्षे ईआरपी उभारणीचे काम करते, त्यातली सहा ईआरपीनेक्स्टवर आणि त्याआधीची परवान्याच्या एका प्रणालीवर, म्हणून दोन्हीकडचे अनुभव आहेत.

सीए साहेबांचा पहिला मुद्दा योग्य आहे, पण तो नियम कंपनी कायद्याखालील कंपन्यांना लागू होतो. भागीदारी संस्था त्यात येत नाही. उद्या खासगी मर्यादित कंपनी केली, तर लागेल, आणि तेव्हा इंडिया कंप्लायन्स या जोड-अ‍ॅपमध्ये ऑडिट ट्रेलची सोय आहे, जी एकदा चालू केली की बंद करता येत नाही. डेटाबेसच्या मागच्या दाराचा प्रश्न मात्र खरा आहे. तो आपल्याच सर्व्हरवर बसवलेल्या परवान्याच्या प्रणालीलाही तितकाच लागू होतो, त्यामुळे सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे हे दोन्हीकडे विचारावे. ई-इनव्हॉइससाठीही तेच अ‍ॅप वापरतात. अ‍ॅप विनामूल्य आहे, पण त्यातून पोर्टलशी जोडणी घेताना एपीआयचे क्रेडिट विकत घ्यावे लागते. तो खर्च तुमच्या १४.२० लाखांत दिसत नाही.

आता मुख्य प्रश्न. मुक्त स्रोतात देखभालीचा बोजा बदल किती केले यापेक्षा ते कुठे केले यावर ठरतो. चाकण भागातील एका यंत्रशाळेचे काम मी दुसऱ्याकडून हाती घेतले होते. तेथे तेरावी आवृत्ती चालू होती आणि आधीच्या माणसाने जॉबवर्कचे गणित थेट मूळ प्रणालीच्या फायलींत लिहिले होते. चौदाव्या आवृत्तीत बाहेर दिलेल्या कामाची नोंद खरेदी ऑर्डरमधून काढून स्वतंत्र सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर व रिसीटमध्ये नेण्यात आली आणि भारतीय जीएसटीचा भाग मूळ प्रणालीतून वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेला. म्हणजे ज्या फायलींत बदल केले होते, त्यांतील तर्कच हलला. चार दिवसांचे ठरवलेले काम सात आठवडे चालले. त्याआधी चौदा महिने ती मंडळी जुन्या आवृत्तीवरच थांबली होती, कारण "अद्ययावत करू नका, बिघडेल" असे त्यांना सांगितले गेले होते. तसे ऐकू आले, तर मूळ कोडला हात लागला आहे असे बहुधा समजावे.

आम्ही एकूण २३ बदल मोजले. त्यांपैकी १४ बदलांना कोड लागतच नव्हता. ते पडद्यावरून जोडलेली कस्टम फील्ड आणि प्रणालीतच असलेल्या सोयींनी झाले. ३ बदल कोणी वापरतच नव्हते, ते सोडून दिले. उरलेले ६ वेगळ्या अ‍ॅपमध्ये लिहिले. ग्राहकाचा चलन क्रमांक व शिल्लक नग तपासण्याचा नियम त्या अ‍ॅपमधून मूळ प्रणालीला असा जोडला जातो:

```python
doc_events = {
    "Delivery Note": {
        "validate": "shop_custom.jobwork.check_challan"
    }
}
```

मूळ प्रणाली डिलिव्हरी नोट जतन करण्याआधी आपला नियम चालवते, आणि तिच्या एकाही फायलीला हात लागत नाही. पुढच्या आवृत्तीत या अ‍ॅपची चाचणी तरीही घ्यावी लागतेच. आतील रचना बदलली, तर हेही तुटते, पण काय तुटू शकते ते एका ठिकाणी सापडते. आता त्यांच्या मोठ्या अद्ययावतीला आठवडाभर लागतो.

म्हणून त्या दोघा तरुणांना सांगा की त्यांच्या जुन्या ग्राहकाच्या परवानगीने त्यांच्या सर्व्हरवर तुमच्यासमोर हे चालवून दाखवावे (आवृत्ती पंधरावी नसेल, तर तो क्रमांक बदलावा):

```
cd apps/erpnext
git status --short
git log --oneline upstream/version-15..HEAD
```

दोन्ही आज्ञांनंतर काहीच छापले गेले नाही, तर मूळ कोड अबाधित आहे. यादी आली, तर प्रत्येक ओळ हा पुढच्या अद्ययावतीचा खर्च आहे.

जयसिंगपूर_गिअर

मेघनाताईंच्या म्हणण्याला माझा एक अनुभव जोडतो. आमच्या कार्यालयातील मुलाने अद्ययावती अडकते आहे म्हणून कुठेतरी वाचून `bench update --reset` चालवले. मूळ फायलींत केलेले आमचे सर्व बदल पुसले गेले आणि दुसऱ्या दिवशी चलन छापताना शिल्लक नगांचा रकानाच गायब होता. बॅकअपमध्ये डेटाबेस होता, कोड नव्हता. जिल्ह्यात मदत मागायला माणूस नव्हता, म्हणून आम्ही तीन महिन्यांत परवान्याच्या प्रणालीकडे गेलो. तेथे फोन केला की कोणीतरी उचलते. माझा कल शिरोलीकरांनी तोच मार्ग धरावा असा आहे.

मेघना_चाकण

आपले नुकसान मी समजू शकते. ती आज्ञा कोड मूळ स्थितीत नेण्यासाठीच आहे, म्हणूनच वेगळे अ‍ॅप आणि त्याची स्वतःची गिट प्रत दुसऱ्या जागी असणे आवश्यक ठरते.

नाशिक_टूलरूम

परवान्याच्या बाजूला सर्व सुरक्षित आहे असे मानू नये, म्हणून आमचे सांगतो. टॅलीत जॉबवर्कचा अहवाल एका स्वतंत्र प्रोग्रॅमरकडून करून घेतला होता. त्याने आम्हाला तयार टीसीपी फाइल दिली, पण ज्या टीडीएल कोडमधून ती बनवली तो कोड दिला नाही, आणि आम्हीही मागितला नाही. दोन वर्षांनी तो व्यवसाय सोडून गेला. ग्राहकाने चलनावर एक रकाना वाढवायला सांगितला, तेव्हा अख्खा अहवाल नव्याने लिहून घ्यावा लागला. प्रणालीचे साहाय्य उत्तम होते, पण त्यांचे उत्तर रास्तच होते की हा बदल आमचा नाही. एएमसी मूळ प्रणालीची असते. तुमच्यासाठी केलेल्या बदलांची जबाबदारी तिच्यात आहे का, हे लेखी घ्या.

शिरोलीचा_लेथवाला

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आज दोन्हीकडे विचारून घेतले.

परवान्याच्या प्रस्तावात एएमसी केवळ मूळ प्रणालीची आहे. बदलांचे काम दिवसाला ९,००० रुपये या दराने, आणि नवी आवृत्ती आली की ते बदल पुन्हा तपासण्याचे दिवसही आमच्याच खात्यात. त्यांच्या अंदाजाने वर्षाला सहा ते आठ दिवस, म्हणजे ५४ ते ७२ हजार. हे माझ्या बेरजेत नव्हते. बदलांचा कोड देण्यास त्यांनी नकार दिला.

कोल्हापूरच्या मुलांनी एका ग्राहकाची परवानगी घेऊन समोर आज्ञा चालवली. पहिलीने काहीच छापले नाही, दुसरीने चार ओळी दाखवल्या. त्यांतील तीन छपाईच्या नमुन्यांसंबंधी होत्या, ज्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये नेता येतील असे ते म्हणाले. चौथी साठ्याच्या मूल्यांकनाच्या फाइलमध्ये होती आणि तिचे कारण त्यांना लगेच सांगता आले नाही.

मेघना_चाकण

चौथी ओळ चिंतेची आहे. साठ्याच्या मूल्यांकनात हात घालायला लागावा अशी गरज तुमच्या व्यवसायात नाही, कारण ग्राहकाच्या मालाचे मूल्य तुमच्या पुस्तकात येतच नाही. करारात तीन गोष्टी घाला: मूळ कोडमध्ये बदल नाही, अ‍ॅपची गिट प्रत तुमच्या खात्यावर, आणि वर्षातून एकदा चाचणी सर्व्हरवर पुढच्या आवृत्तीची रंगीत तालीम, जिच्यात ५०० नगांचे तेच चलन ४८८, ९ आणि ३ असे शेवटपर्यंत चालवून दाखवायचे.

जयसिंगपूर_गिअर

करार ठीक आहे, पण दोघांपैकी एक उद्या पुण्याला नोकरीला गेला, तर करार कोणाकडून पाळून घेणार?

शिरोलीचा_लेथवाला

हाच प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभी आहे त्या फ्रापेवर काम करणारी दुसरी एखादी व्यक्ती, जी गरज पडल्यास तयार अ‍ॅप हाती घेऊ शकेल, कोणाला माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत संदेश करावा. तोपर्यंत मी कोणालाही आगाऊ रक्कम देत नाही.