ऑफर लेटरमध्ये सगळं लिहायचं, की शब्दावर भागवायचं?

निर्मितीखात्यातला:
कमी बजेटचा मराठी सिनेमा करतोय. नायिकेच्या काकांच्या भूमिकेसाठी एका नाटकवाल्या नटाला विचारायचं आहे. पत्राचा गाभा असा: "चित्रीकरण वाई परिसरात, 4 ते 27 नोव्हेंबर या काळातले 18 दिवस. त्याआधी वाचन आणि लूक टेस्ट 2 दिवस, नंतर डबिंग 2 दिवस. मानधन 2,70,000 रुपये: सही करताना 25 टक्के, पहिल्या दिवशी 25, शेवटच्या दिवशी 40, डबिंग झाल्यावर 10. श्रेयनामावलीत योग्य ते स्थान. शिफ्ट 12 तासांची. राहणं, जेवण, प्रवास आमच्याकडे." दिग्दर्शक म्हणतो, एवढं लिहून पाठवलंस तर माणूस बिथरेल, फोनवर ठरव. तुमचं मत काय?

कोथरूडचा काका:
दिग्दर्शकाचं ऐका. आपल्याकडे भूमिका माणूस देतो आणि माणूस घेतो. नटाला आधी गोष्ट ऐकवा, चहा पाजा, मग पैशांचं बोला. एकदम टक्केवारी हातात ठेवलीत तर त्याला वाटणार की हे लोक पहिल्याच दिवशी भांडणाची तयारी करून आलेत. आणि नाटकवाला नट म्हणजे नाईटवर जगलेला माणूस. प्रयोग संपला की पाकीट हातात. त्याला दीड पान कशाला?

पडद्यामागची:
काका, चहा पाजाच, त्याला कुणाची ना नाही. पण नाईटचं पाकीट त्याच रात्री मिळतं म्हणून नाटकात शब्दावर भागतं. सिनेमाचे पैसे चार तुकड्यांत आणि वेगवेगळ्या महिन्यांत येतात. तिथे फोनवरचं बोलणं दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

माझं मत उलट आहे. हे पत्र फार स्पष्ट आहे असं नाही, ते दिसतं तेवढं स्पष्ट नाहीच. तारखांपासून बघा. 4 ते 27 म्हणजे 24 दिवस होतात, काम 18 दिवसांचं. मधले 6 दिवस कुणाचे? ते तुमचे असतील तर नट वाईत बसून राहणार आणि प्रयोग सोडणार. त्याचे असतील तर तो शनिवार-रविवार पुण्या-ठाण्याला प्रयोगाला जाणार आणि नेमका त्याच दिवशी तुम्हाला त्याचा सीन लागणार. म्हणून पत्रातच लिहा: "18 दिवसांच्या नेमक्या तारखा 20 ऑक्टोबरपर्यंत कळवू. आपल्या ठरलेल्या प्रयोगांच्या तारखा त्याआधी द्याव्यात, त्या दिवशी चित्रीकरण लावणार नाही." नाट्यगृहाची तारीख महिनोन्महिने आधी घेतलेली असते, ती हलत नाही. तुमचं वेळापत्रक हलू शकतं.

नवखा_नट:
दादा, आधी एक बघा, पत्र देणारी कंपनी खरी आहे का. मलाही असं "सिलेक्शन लेटर" आलं होतं, लेटरहेड, शिक्का सगळं. शेवटी लिहिलेलं की पोर्टफोलिओ आणि कार्डासाठी 15,000 भरा. भूमिका देणारा पैसे मागत नाही. सावध राहा.

निर्मितीखात्यातला:
अहो, पत्र मला आलेलं नाही, मी पाठवतोय. पण "आपल्याकडून कोणतीही रक्कम घेतली जाणार नाही" हे वाक्य घालतो, नव्या मुलांना तेवढाच दिलासा.

स्टॅम्पवाला:
एवढी चर्चा कशाला? साध्या लेटरहेडवरच्या किंवा ईमेलवरच्या पत्राला कायद्यात काडीची किंमत नाही. 500 च्या स्टॅम्पपेपरवर करार झाला तरच तो करार. तोवर पत्रात काहीही लिहा.

पडद्यामागची:
"काहीही लिहा" हा सल्ला महागात पडेल. स्टॅम्पचं तुमचं निम्मं बरोबर आहे. मुद्रांक न लावलेला कागद कोर्टात पुरावा म्हणून पुढे केला की आधी शुल्क आणि दंड भरा म्हणतात. पण भरला की तो चालतो, मुद्रांक नव्हता म्हणून करारच झाला नाही असं होत नाही. 1872 च्या करार कायद्याला प्रस्ताव, बिनशर्त होकार आणि मोबदला लागतो. ईमेलवर "मान्य आहे" असं उत्तर आलं की गोष्ट पुरेशी पुढे गेलेली असते. त्यामुळे सविस्तर करार व्हायच्या आधी बांधून घ्यायचं नसेल, तर तसं पत्रातच लिहावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. महिन्याभराने निर्मात्याचा वकील 14 पानी करार पाठवतो. त्याच्या शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ असते, की यापूर्वीचा सगळा पत्रव्यवहार आणि बोलणी या कराराने रद्द. पत्रात चौथं नाव कबूल केलेलं असतं, करारात "निर्मात्याच्या निर्णयानुसार" असतं. नट सही करतो, कारण त्याच्या डोक्यात पत्रच पक्कं असतं. तुमचा हेतू सरळ असेल तर हे पत्रच कराराला परिशिष्ट म्हणून जोडा आणि लिहा की विसंगती आली तर परिशिष्ट चालेल.

मालिकेतली_आई:
आमच्याकडे मालिकेत दिवसावर पैसे. महिना संपला की बिल, बिलानंतर 90 दिवस. म्हणजे जूनच्या 1 तारखेला केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरअखेर. हे मला कुणी पत्रात सांगितलं नव्हतं, सेटवर मेकअपदादांनी सांगितलं. एकदा मालिका मधेच बंद झाली आणि शेवटच्या महिन्याच्या बिलासाठी फोन करत बसले. तुमच्या पत्रात निदान हप्ते तरी आहेत. मला मिळालं असतं असं पत्र तर मी फ्रेम करून लावलं असतं.

हिशेबनीस:
हप्ते आहेत, पण आकडा अर्धवट आहे. 2,70,000 चे 25 टक्के म्हणजे 67,500. त्यातून 10 टक्के टीडीएस 6,750 कापला जाणार, खात्यात 60,750 येणार. त्या संध्याकाळी नटाचा फोन ठरलेला: "साहेब, काहीतरी कमी आलंय." पत्रात "टीडीएस वजा होऊन" एवढे शब्द असते तर तो फोन आला नसता. नटाची जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटी 2,70,000 च्या वर की आत, हेही लिहा. आत धरला तर त्याचं खरं मानधन बरंच खाली येतं.

दुसरं, 19 वा दिवस. 18 ने भागलं तर दिवसाला 15,000. वाचन-डबिंग धरून 22 ने भागलं तर साधारण 12,270. जादा दिवस लागला की निर्माता 22 ने भागतो आणि नट 18 ने. "जादा प्रत्येक चित्रीकरण दिवसाला 15,000" असं स्वच्छ लिहा.

कोथरूडचा काका:
आणि पाऊस आला तर? अवकाळी काय सांगून येतो? नट हॉटेलात झोपलाय, निर्मात्याचं युनिट, जनरेटर, कॅमेऱ्याचं भाडं चालूच आहे. त्या दिवसाचेही 15,000 द्यायचे? छोटा निर्माता मरेल की हो.

हिशेबनीस:
अर्धे द्यावेत असं माझं मत. त्याने दिवस तुम्हाला दिलाय.

कोथरूडचा काका:
आणि नायकाला ताप आला तर? तेही अर्धे? मग नायकाकडून कापा! माझ्या मते 24 पैकी 18 मोजूनच घेतलेत, 6 दिवस त्यासाठीच असतात. पाऊस त्यातच बसवायचा.

पडद्यामागची:
काकांचा मुद्दा वाजवी आहे, फक्त मग ते 6 दिवस राखीव आहेत असं पत्रात म्हणा आणि त्या दिवसांत त्याला प्रयोगाला सोडू नका, किंवा सोडायचं असेल तर पाऊस तुमचा. दोन्ही एकदम मागू नका. रद्द दिवसाला अर्धे की काहीच नाही, यावर मी दोन्ही तऱ्हेची पत्रं पाहिली आहेत.

शेवटच्या 10 टक्क्यांना मात्र माझा विरोध. डबिंग कधी होईल हे नटाच्या हातात नाही. संकलन रखडलं, पैसे संपले, की डबिंग आठ महिन्यांनी. "डबिंगनंतर किंवा चित्रीकरण संपल्यापासून 90 दिवसांनी, जे आधी होईल ते" असं करा. नट त्यानंतरही डबिंगला बांधील राहील, तेही लिहा.

निर्मितीखात्यातला:
10 टक्के हातात ठेवल्याशिवाय माणूस डबिंगला येत नाही, हा अनुभव आहे. तेवढं राहू द्या. बाकी श्रेयाचं सांगा.

पडद्यामागची:
"योग्य ते स्थान" हे वाक्य काढाच, त्यात तुमचं योग्य आणि त्याचं योग्य कधीच जुळणार नाही. नाव कितव्या क्रमांकावर, पाटी स्वतंत्र की तिघांची मिळून, सुरुवातीला की शेवटी, पोस्टरवर नाव येणार का, आणि नाव कसं लिहायचं, एवढं हवं. हा नुसता मानाचा प्रश्न नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपलं नाव जोडलं जावं हा हक्क आहे. पण त्याच कायद्याप्रमाणे सिनेमात ज्याचं काम किरकोळ आणि ज्याचं नाव रिवाजाप्रमाणे नामावलीतही नसतं, तो बहुतेक हक्कांपुरता कलाकारच धरला जात नाही. छोट्या भूमिकेच्या नटाने म्हणूनच पाटीवरच्या नावाचा आग्रह धरावा. भूमिका संकलनात कापली गेली तरी मानधन पूर्ण, हेही एका ओळीत येऊ द्या.

आणि ती 12 तासांची शिफ्ट कधी सुरू होते? समजा राहणं वाईत, लोकेशन मांढरदेवीचा घाट ओलांडून भोरकडे. गाडी साडेपाचला, मेकअपला सातला बसला, पॅकअप संध्याकाळी सातला, खोलीवर साडेआठला. तुमच्या कागदावर 12 तास, त्याच्या अंगावर 15. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाचची गाडी म्हणजे मधे फक्त 9 तास. मोजणी कुठून ते लिहा आणि खोलीवर पोचल्यापासून पुढच्या गाडीपर्यंत 10 तास सुट्टी कबूल करा. मग गाडी साडेसहाच्या आधी निघणार नाही, आणि तुमचा सहायक दिग्दर्शक आपोआप सुधारेल.

मालिकेतली_आई:
कपडे बदलायला दार लागणारी खोली, हेही लिहा हो. वाक्य छोटं आहे, पण घाटात उभं राहिल्यावर कळतं. बायकांसाठी लैंगिक छळाच्या तक्रारीची अंतर्गत समिती कुणाची, कुणाला फोन करायचा, तेही.

कोथरूडचा काका:
चार पानं झाली. मी नट असतो तर एवढं वाचून म्हणालो असतो, भूमिका काय आहे ते कुठे लिहिलंय?

निर्मितीखात्यातला:
काका, हा बाण बरोबर लागला. काकांच्या भूमिकेला किती सीन, दारू पिण्याचा प्रसंग आहे, घोड्यावर बसायचं आहे, हे एक अक्षर पत्रात नव्हतं. ते वर घेतो, बाकी खाली. फोन आज करतो आणि पत्र त्याच रात्री पाठवतो. पावसाचं अर्धं-पाऊण त्याच्याशीच बोलून ठरवतो आणि जे ठरेल ते लिहितो.

हिशेबनीस:
घोडा असेल तर विम्याचं लिहा. आणि पडून पाय मोडला तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळणार की नाही, तेही.

कोथरूडचा काका:
घ्या! पाचवं पान.