मदत हवी आहे: जामीनदार म्हणून बँकेला द्यायच्या पत्राचा मसुदा बघून द्याल का?

सही_बाकी

चुलतभावाला व्यवसायासाठी २० लाखांचं कर्ज मंजूर झालं आहे. व्याज दहा टक्के, मुदत दहा वर्षं, हप्ता साधारण २६,४३० रुपये. जामीनदार मी. मंजुरीपत्र आलं आहे, जामीनपत्रावर माझी सही अजून व्हायची आहे, पैसेही अजून सुटलेले नाहीत.

भाऊ बुडवेल अशी भीती नाही. पण हप्ता चुकला तर मला सर्वात शेवटी कळेल ही भीती आहे. शिवाय दहा वर्षं अडकून राहायचीही इच्छा नाही. म्हणून बँकेला पत्र द्यायचं ठरवलं आहे. मसुदा असा:

"मी श्री. ... यांच्या कर्जास जामीन राहण्यास तयार आहे. कर्जदाराने कर्ज थकवल्यास कृपया मला कळवावे. तसेच निम्मे कर्ज फिटल्यावर मला जामिनातून मुक्त करावे, ही विनंती."

एवढं पुरेल का? काही राहिलंय का?

मुक्काम_पोस्ट

दादा, हे एवढं कशाला लिहिताय? जामीन कधीही मागे घेता येतो. करार कायद्यात कलम १३० आहे, बँकेला नोटीस द्या आणि मोकळे व्हा. आत्ता सही करा, पुढे गरज वाटली तर नोटीस पाठवा.

खातेवही

मुक्काम_पोस्ट, कलम बरोबर, लागू करायची जागा चुकली. १३० हे चालू राहणाऱ्या हमीसाठी आहे, आणि तिथेही नोटिशीनंतरच्या व्यवहारांपुरतंच. दुकानदाराच्या कॅश क्रेडिटला कोणी जामीन असेल तर नोटिशीनंतर उचललेल्या रकमेतून तो सुटू शकतो, आधी उचललेल्या रकमेतून नाही. इथे २० लाख एकदाच सुटणार आणि मग फक्त हप्ते येणार. पैसे सुटल्यावर नोटीस दिली तर ती फाइलला लागेल, बाकी काही होणार नाही.

सही_बाकी, मी बरीच वर्षं कर्ज विभागात काढली आहेत. तुमची वेळ उत्तम आहे. सही आणि पैसे सुटणं या दोन्हींच्या आधी जामीनदाराचं म्हणणं ऐकलं जातं, नंतर बँकेला ऐकायचं कारण उरत नाही. मसुद्यात मात्र तीन ठिकाणी भोकं आहेत.

पहिलं, "निम्मे कर्ज फिटल्यावर". निम्मं कशाचं? तुमच्याच आकड्यांवर बघा. भरलेल्या हप्त्यांची बेरीज १० लाखांच्या वर जाते ती ३८ व्या हप्त्याला, म्हणजे तीन वर्षं उलटल्यावर थोड्याच दिवसांत. पण तेव्हा मुद्दल साडेपंधरा लाखांहून जास्त बाकी असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. पाच वर्षांनी, अर्धी मुदत सरल्यावरही, सुमारे १२ लाख ४४ हजार बाकी दिसतील. मुद्दल १० लाखांखाली जाईल ते ७५ व्या हप्त्याला, सव्वासहा वर्षांनी. तुमच्या मनात ३८ आहे, बँक वाचणार ७५, आणि भांडणाच्या वेळी बँकेचंच वाचन टिकेल. म्हणून लिहायचं असं: "बाकी मुद्दल १० लाख रुपये किंवा त्याहून कमी झाल्यावर, आणि त्या दिवशी एकही हप्ता थकीत नसल्यास". मधे भावाने एकरकमी काही भरलं तर ते मुद्दलात वळतं, मग ही तारीख अलीकडे येईल. तो फायदा तुम्हाला मिळू द्या, हप्त्यांचा आकडा घालून स्वतःला बांधून घेऊ नका.

दुसरं, "थकवल्यास". बँकेच्या हिशेबात कर्ज अनुत्पादक होतं ते हप्ता ९० दिवसांहून जास्त थकल्यावर. त्याआधी तीस-तीस दिवसांचे तीन टप्पे असतात, पण त्यांच्या नोंदी बँकेच्या आतल्या असतात. जामीनदाराला पत्र जातं ते बहुतेक वेळा सगळं हाताबाहेर गेल्यावर, आणि तेव्हा मागणी एका हप्त्याची नसते, पूर्ण बाकीची असते. २६ हजार भरून निस्तरता आलं असतं ते पंधरा लाखांवर जातं. म्हणून "ठरलेल्या तारखेपासून सात दिवसांत कोणताही हप्ता जमा न झाल्यास, त्यापुढील दहा दिवसांत माझ्या या पत्त्यावर व ईमेलवर लेखी कळवावे" असं नेमकं लिहा.

तिसरं आणि सर्वात मोठं: "ही विनंती". विनंतीला उत्तर देणं बँकेवर बंधनकारक नाही. तुमचं पत्र आवकला नोंदवलं, शिक्का मारून पोच दिली, म्हणजे पत्र मिळालं एवढंच सिद्ध होतं, मान्य झालं असं नाही. पोच आणि मान्यता यांत गल्लत झाल्याने माणसं गोत्यात येतात.

कावेरी

माझंही असंच आहे. पतसंस्थेत मैत्रिणीला जामीन राहिले होते, तिने हप्ते बंद केले, आणि मला कळलं ते पगारातून कपात सुरू झाल्यावर! संस्था म्हणते तुम्ही सही केलीत. आधी तिच्याकडून वसूल करा असं मी सांगू शकते ना?

खातेवही

कावेरीताई, सांगू शकता, पण ऐकायची सक्ती नाही. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. आधी कर्जदाराच्या मागे लागा हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात मान्य केलं नाही. तुम्ही जे भरलं ते मैत्रिणीकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, कलम १४५. कपातीच्या प्रत्येक महिन्याची पावती आणि संस्थेकडून खातेउतारा घेऊन ठेवा. कपातीची प्रक्रिया बरोबर झाली का, हे तुमची कागदपत्रं बघूनच कोणी सांगू शकेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही विषयांची सरमिसळ होईल.

चिंचेचं_झाड

दहा टक्के जास्तच आहे की. दुसऱ्या बँकेत कर्ज वळवून घ्या, साडेआठ-नऊला मिळतं, हप्ता कमी होईल. जामिनाचा प्रश्नच राहणार नाही.

सही_बाकी

कर्ज माझं नाही हो, मी जामीनदार आहे. आणि पैसे अजून सुटलेच नाहीत.

खातेवही, खूप आभार. पण मग मान्यता म्हणजे नेमकं काय मागायचं? शाखा व्यवस्थापकांनी पत्राखाली "मान्य" लिहून सही केली तर चालेल?

खातेवही

व्यवस्थापकाला छापील जामीनपत्र बदलायचा अधिकार बहुधा नसतो, तो ज्याने कर्ज मंजूर केलं त्याच्याकडे असतो. म्हणून पत्र शाखेत द्या, पण मागणी अशी ठेवा की या दोन अटी सुधारित मंजुरीपत्रात याव्यात आणि जामीनपत्रात "मंजुरीपत्रातील विशेष अटींच्या अधीन राहून" एवढी ओळ घालावी. ही ओळ नसेल तर छापील मजकूर वरचढ ठरतो. छापील जामीनपत्रात साधारणपणे असं असतंच की बँकेने मुदत वाढवली, अटी बदलल्या, तारण सोडलं तरी जामीनदाराची हरकत नाही. कायद्याने तुम्हाला दिलेलं संरक्षण तुम्ही त्या पानावर सही करून परत देता. ते पान वाचा.

कळवण्याच्या अटीत आणखी एक वाक्य घाला, नाहीतर तिला दात नाहीत: "वरीलप्रमाणे न कळवल्यास, त्या दिवसापासून मला प्रत्यक्ष कळवले जाईपर्यंतच्या काळातील दंड व वसुली खर्चाची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही." न कळवल्यास जामीनच रद्द, असं मागितलंत तर बँक पत्र बाजूला ठेवेल. दंडापुरतं मागितलंत तर विचार होतो.

बँक म्हणेल, कर्जदाराच्या खात्याची माहिती गोपनीय आहे, तुम्हाला कशी देणार. त्यावर उपाय सोपा आहे. त्याच पत्राखाली भावाची संमती घ्या: "माझ्या कर्जखात्याची माहिती व उतारा जामीनदारास देण्यास माझी संमती आहे." भाऊ ही सही द्यायला कां-कूं करत असेल तर ते तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

मुक्काम_पोस्ट

खातेवही, १३० चं मान्य. पण कोणती बँक जामीनदाराला मधेच सोडेल? मी तरी ऐकलेलं नाही.

खातेवही

सहज सोडत नाही, खरं आहे. सोडते ती बदली जामीनदार मिळाला, तारणाची किंमत बाकीच्या मानाने भरपूर असली, किंवा मंजुरीतच अट असली तर. आणि सोडलं तरी लेखी मुक्तिपत्र हातात आल्याशिवाय सुटलो असं धरायचं नाही. नंतर क्रेडिट अहवालातही बघायचं, कारण जामिनाची नोंद तिथे दिसते आणि ती आपोआप निघेलच असं नाही.

सही_बाकी

शाखेत जाऊन आलो. भावाने संमतीची सही लगेच दिली. व्यवस्थापक म्हणाले, कळवण्याची अट वरिष्ठांकडे पाठवतो, ईमेलवर कळवायला हरकत येऊ नये, पण दंडाचं वाक्य गाळा. मुक्तीच्या अटीवर सरळ नकार. त्याऐवजी जबाबदारी १० लाखांपुरती मर्यादित करून देता येईल का बघतो म्हणाले. ही मर्यादा घ्यावी का?

खातेवही

मर्यादा वाईट नाही, पण ती कशी लिहिली आहे त्यावर सगळं आहे. "एकूण बाकीपैकी १० लाखांपर्यंत" असं असेल तर बाकी २० वरून १० वर येईपर्यंत तुमचा एक रुपयाही कमी होत नाही. सव्वासहा वर्षांनी, ज्या दिवशी तुम्ही सुटणार होता त्याच दिवशी, तुम्ही पूर्ण बाकीला जामीन असता. "कोणत्याही वेळी बाकी असलेल्या मुद्दलाच्या निम्म्यापर्यंत" असं लिहून मिळालं तर मुद्दलाबरोबर तुमची रक्कमही उतरत जाते. पाच वर्षांनी ती सव्वासहा लाखांच्या आत येईल. शिवाय मर्यादेत व्याज आणि खर्च धरलेत की वरून वेगळे, तेही लिहून घ्या.

दंडाचं वाक्य गाळायचं की नाही हे तुमच्यावर. मी असतो तर मर्यादा नीट लिहून मिळाल्यास ते सोडलं असतं.

कावेरी

मला वाटतं सोडू नका. कळवायचं तोंडी कबूल करणारे नंतर कळवत नाहीत.

सही_बाकी

निम्म्या मुद्दलाची भाषा लिहून उद्या ईमेल करतो. दंडाच्या वाक्याचं वरिष्ठांचं उत्तर आल्यावर बघू. तोवर जामीनपत्राची कोरी प्रत मागितली आहे, ती मिळाली की हरकत नसल्याचं ते पान इथे टाकतो.