सरासरी चांगली, तरी अक्ष झटका का घेतो? आरटीओएस की लिनक्स?

शिरोली एमआयडीसीतील कंट्रोल अभियंता (प्रश्न): आमच्या दोन अक्षांच्या यंत्राला लिनक्सवरील प्रोग्राम दर 1 मिलिसेकंदाला नवी कमांड पाठवतो. थ्रेड जागा व्हायला सरासरी 20 मायक्रोसेकंद लागतात, तरी स्क्रीनवर ग्राफ निघत असताना कधीतरी 6-7 मिलिसेकंद कमांड जात नाही आणि अक्ष झटका घेतो. PREEMPT_RT चा, म्हणजे वेळ पाळण्यासाठी बदललेला लिनक्सचा कर्नल घातला, पण फरक पडला नाही. मालक आरटीओएसवर, म्हणजे ठरल्या वेळेत काम होण्यासाठी बनवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, जाऊ म्हणतात. ते योग्य ठरेल का?

उद्यमनगरातील बोर्ड डिझायनर: मालकांचे म्हणणे बरोबर आहे. लिनक्सची घडण सगळ्यांची कामे मिळून लवकर उरकावीत अशी आहे. अमुक काम अमुक क्षणाआधी होईलच, ही हमी तिच्या मुळाशी नाही. मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटीओएस घाला. तिथे वरच्या प्राधान्याचे काम नेहमी आधी चालते, त्यामुळे कोणी आडवे येण्याचा प्रश्नच उरत नाही.

एम्बेडेड विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिका: पहिला मुद्दा मान्य, शेवटचा नाही. 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरवर व्हीएक्सवर्क्स, म्हणजे आरटीओएसच होती. हवामानाची नोंद घेणाऱ्या खालच्या प्राधान्याच्या कामाने सामायिक माहितीचे कुलूप, म्हणजे म्यूटेक्स, धरले होते, वरचे काम त्याच कुलपासाठी थांबले होते आणि मधल्या प्राधान्याची कामे कुलूप न मागताच खालच्याला चालू देत नव्हती. वेळेत काम झाले नाही हे लक्षात येताच संगणक स्वतःला रीसेट करत होता. पृथ्वीवरून त्या कुलपाचा प्राधान्य-वारशाचा पर्याय, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्या कामाचे प्राधान्य तात्पुरते देण्याची सोय, चालू केल्यावर ते थांबले. फ्रीआरटीओएसमध्येही म्यूटेक्सला हा वारसा आहे, बायनरी सेमाफोरला नाही.

शिरोलीच्या सरांनी ग्राफ चालू ठेवूनच, त्याच कोअरवर, त्याच प्राधान्याने, थ्रेड उठायला किती उशीर होतो हे मोजणारे `cyclictest` रात्रभर चालवावे आणि सरासरी न पाहता कमाल आकडा सांगावा.

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून: आमच्या भट्टीच्या तापमानाची नोंद दर सेकंदाला व्हायला हवी, कधी दोन सेकंदांनी होते. आम्हीही आरटीओएस घ्यावी का?

प्राध्यापिका: नाही साहेब. एक नोंद उशिरा आल्याने वितळलेल्या धातूचे काही बिघडत नाही. भट्टी बंद करण्याचा निर्णय त्याच संगणकावर असेल, तर मात्र तो वेगळ्या सुरक्षा रिलेकडे द्या.

कंट्रोल अभियंता: मॅडम, कमाल 80 मायक्रोसेकंद आले. अक्षाचा थ्रेड SCHED_FIFO 80 या प्राधान्यावर, ग्राफचा 40 वर, नोंदी लिहिणारा साध्या प्राधान्यावर आणि तिन्ही एकाच कोअरवर आहेत. अक्ष आणि नोंदी यांचा स्थितीचा तक्ता एकच असून त्याला म्यूटेक्स आहे.

प्राध्यापिका: म्हणजे कर्नल थ्रेडला वेळेत उठवतो, थ्रेड उठल्यावर तुमच्याच कुलपापाशी अडतो. `cyclictest` ते कुलूप घेत नसल्याने त्याला हा उशीर दिसत नाही. नोंदीच्या थ्रेडने तक्ता धरला आणि त्याच क्षणी ग्राफ सुरू झाला, तर ग्राफची 6 मिलिसेकंदे संपेपर्यंत कुलूप सुटत नाही आणि तेवढ्या वेळात अक्षाच्या सहा कमांडी बुडतात. PREEMPT_RT कर्नलच्या आतल्या कुलपांना वारसा देतो, पण प्रोग्राममधल्या म्यूटेक्ससाठी तो तुम्हालाच मागावा लागतो:

```c
pthread_mutexattr_t a;
pthread_mutexattr_init(&a);
pthread_mutexattr_setprotocol(&a, PTHREAD_PRIO_INHERIT);
pthread_mutex_init(&takta, &a);
```

आता अक्ष थांबताच नोंदीचा थ्रेड 80 वर चढेल, ग्राफला बाजूला सारून कुलूप सोडेल आणि पुन्हा खाली येईल. मात्र कुलूप हातात असताना फाइलमध्ये लिहीत असाल, तर हा वारसा निष्फळ आहे, कारण डिस्कची वाट पाहणाऱ्याला प्राधान्य वाढवून वेग येत नाही. आधी तक्त्याची प्रत काढा, कुलूप सोडा, मग लिहा.

बोर्ड डिझायनर: बायनरी सेमाफोरचा मुद्दा मला मान्य आहे. तरी 80 हा मोजलेला आकडा आहे, सिद्ध केलेला नाही. पीसीच्या बोर्डवर फर्मवेअर कर्नलला न विचारता प्रोसेसर ताब्यात घेऊ शकते आणि ती घटना एका रात्रीत घडेलच असे नाही. दोन अक्षांचा छोटा कोड मायक्रोकंट्रोलरवर असला, तर कमाल वेळेचा हिशोब कागदावर मांडता येतो.

प्राध्यापिका: हा आक्षेप खरा आहे. पण 1 मिलिसेकंदाच्या मुदतीत 80 मायक्रोसेकंदांनंतरही बरीच जागा उरते, आणि चुकलेल्या कमांडीने माणसाला इजा होणार नसेल तर एवढ्यासाठी मी सगळा प्रोग्राम नव्याने लिहिणार नाही.

कंट्रोल अभियंता: प्रत काढून कुलूप सोडले, वारसाही लावला. ग्राफ चालू ठेवून दोन पाळ्या यंत्र चालवले, एकही कमांड बुडाली नाही. मात्र मालकांना पुढचे यंत्र चार अक्षांचे, 250 मायक्रोसेकंदांच्या चक्राचे हवे आहे.

बोर्ड डिझायनर: ते चक्र तरी मी लिनक्सवर सोडणार नाही.

प्राध्यापिका: मी आधी त्याच बोर्डवर, नेटवर्क कार्डावर पूर्ण भार टाकून, आठवडाभर मोजेन, कमाल आकडा 100 मायक्रोसेकंदांच्या वर गेला तर तुमच्या बाजूने येईन.