पगारवाढीच्या मेलमध्ये पुरावा कसा मांडायचा

"कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. पगारवाढीचा मेल लिहायला घेतलाय, पण 'खूप मेहनत केली' याच्यापुढे काही सुचत नाहीये."

ते वाक्य काढूनच टाका, मेहनत कुणाला मोजता येत नाही. रिजेक्शन रजिस्टर तुमच्याकडेच असेल, त्यातला एकच आकडा घ्या. समजा असं: "एप्रिलमध्ये फ्लँज लाईनवर १०० पैकी ५ नग रिजेक्ट होत होते. दर पाळीला गेज तपासणी सुरू केल्यापासून, म्हणजे सप्टेंबरपासून, ते ३ वर आलेत." काय केल्यामुळे फरक पडला हे आलंच पाहिजे, नाहीतर साहेब म्हणणार, नवीन मशीनमुळे कमी झालं. मशीन खरंच आलं असेल तर तेही लिहा, लपवलेलं प्रॉडक्शनकडून कळतंच. सोबत महिनावार छोटा तक्ता मेलच्या मजकुरातच टाका.

किती वाढ हवी ते मात्र मेलमध्ये नको, असं माझं स्पष्ट मत. मेल एचआरकडे फॉरवर्ड होतो आणि चर्चेआधीच त्या रकमेवर नकार येतो. त्याऐवजी विचारा, "गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी ३ नंतर २० मिनिटं मिळतील का? माझी जबाबदारी आणि पगार यांच्या आढाव्याबद्दल बोलायचं आहे." वाढ एप्रिलपासून लागू होत असेल तर जानेवारीतच पाठवा, मार्चपर्यंत बजेट बहुधा ठरलेलं असतं. उत्तर नाही आलं तर आठवड्याने त्याच मेलला रिप्लाय करा, म्हणजे तक्ता पुन्हा समोर येतो.