मदत हवी आहे: सोन्याच्या वायद्यातील स्पूफिंग आणि माझे वारंवार लागणारे स्टॉपलॉस

शिरीष_वायदा

नमस्कार. मी सोन्याच्या वायद्यात छोटे सौदे करतो. जे. पी. मॉर्गन या बँकेने खोट्या ऑर्डरी टाकून सोन्याचे भाव हलवल्याबद्दल २०२० मध्ये सुमारे ९२ कोटी डॉलर भरले, हे मी नुकतेच सविस्तर वाचले आणि तेव्हापासून माझ्या खात्यात जे घडत आहे ते निराळेच दिसू लागले आहे. भाव खाली येतो, ठरावीक तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारा माझा स्टॉपलॉस लागतो आणि दहा मिनिटांत भाव पुन्हा होता तिथे जातो. हे स्पूफिंगच आहे ना? तक्रार कोठे करायची आणि नुकसानभरपाई मिळते का, एवढेच मला कृपया लवकर सांगावे.

मधुरा_जळगाव

आपण कोणत्या वायद्यात होता, एक किलोच्या की मिनीच्या? महिना कोणता? वेळ काय होती, आणि स्टॉपलॉस किती अंतरावर होता? यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. ते कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

रोखठोक

तपशील कशाला हवेत? न्यायालयात सिद्ध झालेली गोष्ट आहे. मोठ्या बँका वर्षानुवर्षे सोन्याचा भाव दाबून ठेवतात आणि लहान माणसाचे स्टॉपलॉस उडवतात. त्या बँकेचा मौल्यवान धातूंचा संपूर्ण विभागच गुन्हेगारी टोळी असल्याचे सिद्ध झाले. माझे मत स्पष्ट आहे, वायदा सोडा आणि धातू हातात ठेवा.

अनंत_डेप्थ

रोखठोक, आपण म्हणता त्यातले अर्धे खरे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने त्या विभागाचे प्रमुख मायकेल नोवाक आणि व्यापारी ग्रेग स्मिथ यांना फसवणूक, स्पूफिंग आणि भाव हलवण्याचा प्रयत्न या आरोपांवर दोषी ठरवले, आणि पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवासाच्या शिक्षाही झाल्या. परंतु टोळी चालवल्याचा आरोप त्याच ज्यूरीने फेटाळला आणि तिसऱ्या आरोपीची पूर्ण सुटका केली. तसेच भाव वर्षानुवर्षे दाबण्याचा हा खटला नव्हता. या व्यापाऱ्यांना कधी विकायचे असे, तर कधी घ्यायचे असे, आणि त्यानुसार ते भाव काही क्षणांपुरता वर किंवा खाली ढकलत.

कॉमेक्स या अमेरिकी वायदेबाजारातला सोन्याचा वायदा १०० औंसांचा असतो आणि भाव दहा सेंटच्या पायरीने हलतो. समजा खरेदीदार १२५०.० ला उभे आहेत आणि व्यापाऱ्याला २० वायदे १२५०.३ ला विकायचे आहेत. तो विक्रीची ऑर्डर टाकतो, पण तिच्यातला एकच वायदा पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था करतो. मग खाली १२४९.९, १२४९.८, १२४९.७ अशा पायऱ्यांवर शंभराहून अधिक वायद्यांची खरेदी उघडपणे मांडतो. मागणी एकाएकी वाढली असे समजून इतरांचे संगणकीय कार्यक्रम आपले भाव वर सरकवतात, याची विक्री १२५०.३ ला होऊन जाते आणि काही सेकंदांत खालची सगळी खरेदी रद्द होते. तीन पायऱ्या म्हणजे एका वायद्यामागे ३० डॉलर, वीस वायद्यांवर ६०० डॉलर. रक्कम किरकोळ वाटते, परंतु अमेरिकी नियामकाच्या म्हणण्यानुसार २००८ ते २०१६ या काळात मौल्यवान धातू आणि सरकारी रोखे मिळून अशा लाखो ऑर्डरी टाकल्या गेल्या.

मधुरा_जळगाव

अनंतजी, आपल्या उदाहरणातले तीस सेंट आपल्याकडे किती होतात, ते मी मोजून पाहिले. डॉलर ८५ रुपये धरला आणि आयात शुल्क बाजूला ठेवले, तर औंसामागचा एक डॉलर आपल्या दहा ग्रॅममागे साधारण २७ रुपये होतो, कारण औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. म्हणजे तीस सेंटचा धक्का इथे आठ रुपयांचा. शिरीषजी, आपला भाव किती रुपयांनी पडला होता?

शिरीष_वायदा

मला वाटले होते की हे सर्वांच्याच बाबतीत सारखे असेल. गोल्ड मिनी आहे. पहिल्या प्रसंगी, याच महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजून काही मिनिटांत भाव सुमारे ४०० रुपयांनी पडला. दुसरा प्रसंग मंगळवारी रात्री साडेदहानंतरचा आहे. त्यात ६० रुपयांच्या आसपास भाव हलला आणि माझा स्टॉपलॉस ५० रुपयांवर होता.

सुलभा_पुणे

माझाही असाच अनुभव आहे. आमच्या सराफाने सकाळी एक भाव सांगितला आणि दुपारी बांगड्या घ्यायला गेल्यावर दुसराच लावला. ही तक्रारसुद्धा सेबीकडेच करायची का?

अनंत_डेप्थ

सुलभाताई, सराफाचा किरकोळ भाव सेबीच्या कक्षेत येत नाही. त्या तक्रारीसाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

शिरीषजी, हिवाळ्यात अमेरिकेचे सकाळचे साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सात, आणि तेथील रोजगाराची मासिक आकडेवारी बहुधा पहिल्या शुक्रवारी त्याच क्षणी जाहीर होते. त्या मिनिटाच्या आधी मोठे व्यापारी आपल्या ऑर्डरी काढून घेतात, त्यामुळे आकडा येताच पोकळीतून भाव दोन्हीकडे झपाट्याने जातो. ४०० रुपये म्हणजे सुमारे १५ डॉलर, अर्थात कॉमेक्सच्या दीडशे पायऱ्या. त्या खटल्यातल्या पद्धतीने एवढी घसरण घडवता येत नाही.

मंगळवारचा प्रसंग मात्र मला असा झटकन निकालात काढता येणार नाही. आपण चालू महिन्यात होता की पुढच्या?

शिरीष_वायदा

पुढच्या महिन्यात. पण मग माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरच्या मोठ्या ऑर्डरी नाहीशा झाल्या, त्याचे काय? मी ते प्रत्यक्ष पाहिले आहे.

रोखठोक

हाच तर पुरावा! ऑर्डर टाकून रद्द करणे म्हणजेच स्पूफिंग.

अनंत_डेप्थ

तसे असते तर खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव सतत मांडणारा प्रत्येक बाजारनिर्माता तुरुंगात असता. कॉमेक्सवर भाव हलला की तो आपल्या इथल्या ऑर्डरी रद्द करून नव्या भावाला मांडतोच. ऑर्डर टाकतानाच ती पूर्ण होऊ द्यायची नाही हा हेतू असणे, हा गुन्ह्याचा गाभा आहे. अमेरिकेत तो हेतू व्यापाऱ्यांचे आपापसांतले संदेश, गुन्हा कबूल केलेल्या सहकाऱ्यांच्या साक्षी आणि एकाच माणसाच्या दोन्ही बाजूंच्या ऑर्डरींचा वर्षानुवर्षांचा नमुना यांवरून सिद्ध केला गेला. आपल्याला मोबाइलवर फक्त पाच पातळ्यांचे एकत्रित आकडे दिसतात. रद्द झालेली खरेदी आणि झालेली विक्री एकाच खात्यातली होती का, हे एक्स्चेंजलाच ठाऊक असते.

पुढच्या महिन्याच्या वायद्यात रात्री ऑर्डरी विरळ असतील, तर एखाद्याची साधी बाजारभावाची विक्रीसुद्धा ६० रुपये खाली नेऊ शकते. त्याच मिनिटाचा चालू महिन्याचा आणि कॉमेक्सचा आलेख शेजारी ठेवून पाहा. ते दोन्ही स्थिर असतील, तर हालचाल केवळ त्या वायद्यातली होती एवढे कळेल. ती मुद्दाम केलेली होती का, हे त्यावरूनही कळणार नाही.

मधुरा_जळगाव

एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. आठ रुपयांचा धक्का क्षुल्लक नाही. दहा-वीस रुपयांवर स्टॉपलॉस ठेवून दिवसभर सौदे करणाऱ्याला तो दर वेळी बोचतो. चार दिवस सौदा धरून ठेवणाऱ्याला तो जाणवतही नाही. शिरीषजी पहिल्या प्रकारातले असतील, तर त्यांची शंका सरसकट झटकू नये.

अनंत_डेप्थ

हे मान्य आहे.

भरपाईबद्दल सांगायचे तर, त्या ९२ कोटी डॉलरपैकी सुमारे ३१ कोटी भरपाईसाठी होते, पण ते अमेरिकी बाजारांतल्या नुकसानीसाठी, आपल्या एमसीएक्स या एक्स्चेंजवरच्या सौद्यांसाठी नव्हे. आपल्याकडे प्रथम ब्रोकरकडे, नंतर एक्स्चेंजकडे आणि मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी. त्यातून चौकशी होऊ शकते, पण पैसे परत मिळतील असे धरून चालू नका. तक्रारीत ऑर्डर क्रमांक, सौद्याची सेकंदापर्यंतची वेळ आणि वायद्याचा महिना द्या. पडद्याचे छायाचित्र असेल तर तेही जोडा.

शिरीष_वायदा

मंगळवारचे ऑर्डर क्रमांक आणि वेळ माझ्याकडे आहेत, छायाचित्र नाही. शुक्रवारचा प्रसंग मी तक्रारीतून वगळतो. चालू महिन्याचा त्या मिनिटाचा आलेख आताच पाहिला, त्यात भाव जेमतेम १२ रुपयांनी हललेला दिसतो. कॉमेक्सचा एका मिनिटाचा जुना आलेख विनामूल्य कोठे मिळेल?

रोखठोक

बारा आणि साठ! आता तरी पटले का?

अनंत_डेप्थ

त्यावरून वायदा विरळ होता एवढेच पटले. शिरीषजी, त्या मिनिटात पुढच्या महिन्याचे एकूण किती लॉट विकले गेले, तो आकडा आधी इथे द्या.